सोळा बाय वीसमधली पैठणी

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरचं सुपा हे पारनेर तालुक्यातलं गाव एमआयडीसीमुळे वाढलं. अशा गावांतल्या फोटो स्टुडिओंकडे एक काम ठरलेलं असतं. घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचा असतो, पण हाती असलेल्या फोटोत अंगावरचे कपडे घरातले, मळके किंवा आजारपणातले असतात. मग आजोबांना कोट आणि फेटा हवा असतो, आजीला पैठणी. पूर्वी यासाठी तयार कपड्यांच्या फायलींमधून धड कापून चेहरा त्यावर बसवत. आता चित्र बनवणारी एआय साधनं हेच काम मिनिटभरात करून देतात आणि मोबाइलच्या पडद्यावर ते छान दिसतं. घोळ कळतो तो प्रिंट हातात आल्यावर. पैठणी रेशमाची न वाटता रंगवलेल्या रेक्झिनची वाटते, आणि काठावरच्या राघूंचे हिरवे ठिपके झालेले असतात.

असं का होतं आणि ते कसं टाळायचं, हे एकाच उदाहरणातून पाहू. आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत, पण काम रोजच्यासारखंच आहे. नातवाने आजीचा एक फोटो व्हॉट्सअॅपवरून पाठवला आहे. तो १२०० बाय १६०० पिक्सेलचा आहे, कारण नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअॅप लहान करून टाकतं. आजी मांडीपर्यंत दिसते. घरच्यांना १६ बाय २० इंचांची फ्रेम हवी आहे, अंगावर मुनिया काठाची पैठणी हवी आहे, आणि ती खरी पैठणी अजून कपाटात आहे. या शेवटच्या गोष्टीला बहुतेक वेळा कुणी महत्त्व देत नाही. खरं तर सगळ्या कामाची किल्ली तिथेच आहे.

आधी सेंटिमीटर, मग पिक्सेल

कलर लॅबचं मशीन साधारण एका इंचात ३०० ठिपके छापतं. म्हणजे १६ बाय २० साठी ४८०० बाय ६००० पिक्सेल लागतात. आपला फोटो त्या प्रमाणात कापला की १२०० बाय १५०० उरतो. दोन्ही बाजू चौपट कराव्या लागतील, म्हणजे प्रिंटमधल्या दर १६ पिक्सेलमागे मूळ फोटोतला एकच पिक्सेल असेल. उरलेले पंधरा कुठून तरी आणायचे आहेत.

इथे बहुतेक जण ‘किती पट मोठं करायचं’ याच प्रश्नावर थांबतात. त्याआधीचा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे: खऱ्या कापडाच्या एका सेंटिमीटरला प्रिंटच्या फायलीत किती पिक्सेल मिळणार? कपाटातल्या पैठणीचा काठ टेपने मोजला, तो १० सेंटिमीटर भरला. आजीच्या चेहऱ्याच्या मापावरून तोच काठ अंतिम फायलीत ५०० पिक्सेल रुंद यायला हवा. म्हणजे सेंटिमीटरला ५० पिक्सेल. हा एक आकडा कागदावर लिहून ठेवावा, कारण पुढचं सगळं त्यावर बेतायचं आहे.

आता कापडाकडे पाहू. साडीत डोळ्याला तीन थर दिसतात. पहिला नक्षीचा: काठ, पदरावरचे मोर, बुट्ट्या. दुसरा चुण्यांचा: निऱ्या, खांद्यावरची घडी, त्यावरून सरकणारी चमक. तिसरा विणीचा: ताण्याबाण्याचे धागे. काठावरचा एक राघू २ सेंटिमीटरचा असेल तर त्याला आपल्या फायलीत १०० पिक्सेल मिळतात आणि प्रिंटवर तो सुमारे साडेआठ मिलिमीटरचा दिसतो. चोच, पंख, डोळा, सगळं दाखवायला एवढी जागा पुरते. पण सेंटिमीटरमध्ये ३० धागे असतील तर एका धाग्याच्या वाट्याला दोन पिक्सेलही येत नाहीत. एक धागा आणि शेजारची फट वेगळी दिसायला किमान दोन पिक्सेल लागतात. त्याहून कमी जागेत धागे दाखवायचा हट्ट केला की पाण्यावरच्या तरंगांसारखे खोटे पट्टे उमटतात. छपाईच्या धंद्यात त्यांना मोआरे म्हणतात.

म्हणजे १६ बाय २० च्या या फोटोत सुटा धागा दिसणारच नाही, आणि तो दिसायची गरजही नाही. भिंतीवरची फ्रेम माणूस साधारण मीटरभरावरून पाहतो. चांगल्या नजरेला त्या अंतरावरून ०.३ मिलिमीटरहून बारीक गोष्ट सुटी दिसत नाही, आणि आपला धागा प्रिंटवर त्याच्या निम्म्या मापाचा आहे. त्यामुळे सगळी मेहनत नक्षी आणि चमक यांवर घालायची. धाग्याच्या जागी फक्त एक बारीक खरखर हवी, म्हणजे पृष्ठभाग प्लास्टिकसारखा गुळगुळीत वाटत नाही.

राघू कुठे हरवतो

कपडे बदलणारी अनेक साधनं तुम्ही कितीही मोठा फोटो दिला तरी आतमध्ये सुमारे दहा लाख पिक्सेलच्या चित्रावर काम करतात. आपला अख्खा फोटो त्यांच्याकडून १०२४ बाय १२८० होऊन परत आला असं धरू. आता कापडाच्या सेंटिमीटरला जेमतेम ११ पिक्सेल उरले आणि राघूला २१. त्यात आणखी एक अडचण आहे. स्टेबल डिफ्यूजनच्या जातीची साधनं चित्र थेट पिक्सेलमध्ये बनवत नाहीत. ती आधी आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींमध्ये आवळलेल्या रूपात बनवतात आणि शेवटी उलगडतात. २१ पिक्सेलच्या राघूच्या वाट्याला अशा तीन चौकटीही येत नाहीत. तेवढ्यात चोच, मान आणि शेपूट मावत नाही. साधनाला ‘इथे हिरवं आणि सोनेरी काहीतरी ओळीने आहे’ एवढंच सांभाळता येतं, आणि ते तेवढंच काढतं. मोबाइलवर लहान आकारात पाहताना आपला डोळा उरलेला राघू स्वतःच भरून घेतो, म्हणून चूक लक्षात येत नाही.

यावर उपाय असा की साधनाला अख्खा फोटो द्यायचाच नाही. आधी मूळ फोटो चौपट करून ४८०० बाय ६००० चा कॅनव्हास बनवून ठेवायचा. मग पदराचा खांद्यावरचा भाग, काठाचा भाग, निऱ्यांचा भाग असे साधारण ३० सेंटिमीटर कापड मावेल एवढे चौकोन काढायचे, आणि एकेक चौकोन १०२४ पिक्सेलचा करून त्यातच कपडा बदलायचा. आता सेंटिमीटरला ३४ पिक्सेल मिळतात आणि राघूला ६८, म्हणजे आठाहून जास्त चौकटी. पुढे ३४ चे ५० करायला दीडपटच वाढ लागते, पूर्वी ती पावणेपाच पट लागत होती.

तुकड्यांत काम केलं की जोड दिसण्याचा धोका असतो. शेजारच्या तुकड्यात जर थोडी वेगळ्या पिवळ्या रंगाची येते, बुट्ट्यांचं अंतर बदलतं. म्हणून दर दोन तुकडे एकमेकांवर पाचवा हिस्सा तरी चढू द्यावेत आणि जोड नेहमी निरीच्या सावलीत किंवा हाताखालच्या घडीत लपवावा. सपाट पदराच्या मधोमध तो आला तर नजर आधी तिथेच जाते. चेहरा, हात आणि बांगड्या यांवर मास्क घालून ते मूळ फोटोतलेच ठेवावेत. साधनाकडून परत आलेला चेहरा वापरला तर तो आजीसारखा दिसतो, पण आजीचा नसतो. घरच्यांना ते क्षणात कळतं.

मोठं करण्याचे मार्ग

चित्र मोठं करण्याचे मार्ग पुष्कळ आहेत, पण कापडाच्या दृष्टीने त्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट केवळ गणिताचा. बायक्यूबिक किंवा लँक्झोस पद्धत शेजारच्या पिक्सेलांची मोजून सरासरी काढते आणि नवं काही आणत नाही. चित्र मऊ पडतं, पण राघू राघूच राहतो. फोटोशॉपमधलं `Preserve Details 2.0` कडा जास्त जपतं, मात्र व्हॉट्सअॅपच्या फोटोतले दाबलेले चौकोनही ते इमानाने जपतं. त्यामुळे तिथली नॉइज कमी करायची पट्टी आधी थोडी पुढे न्यावी.

दुसरा गट शिकवलेल्या जाळ्यांचा. अॅडोबीने २०२१ मध्ये कॅमेरा रॉमध्ये `Super Resolution` आणलं. ते प्रत्येक बाजू दुप्पट करतं आणि बेतानेच वागतं. त्याच वर्षी आलेलं रिअल-ईएसआरजीएएन फुकट मिळतं, साध्या ग्राफिक्स कार्डावर चालतं आणि दाबून खराब झालेल्या फोटोंसाठीच शिकवलेलं आहे. एका तुकड्यावर ते असं चालवतात:

```
realesrgan-ncnn-vulkan -i padar.png -o padar4x.png -n realesrgan-x4plus
```

याच्या कडा खणखणीत येतात. काठाची रेघ, ब्लाऊजची शिवण, चष्म्याची दांडी यांना ते उत्तम. कापडाच्या अंगात मात्र त्याची सवय वेगळी दिसते. खराब फोटोतली बारीक खरखर त्याला घाण वाटते आणि ते ती पुसून टाकतं. जिथे पुसत नाही तिथे तिच्या आळीसारख्या वळवळत्या रेघा करतं. रेक्झिनसारखी पैठणी बहुधा इथेच तयार होते.

तिसरा गट डिफ्यूजनवर चालणाऱ्या वाढीचा. तिथे चित्र मोठं करताना नवा तपशील घडवला जातो आणि किती घडवायचा याची एक पट्टी असते. ती पट्टी पुढे नेली की पोत भरगच्च दिसतो, पण तो कुणाच्याच साडीचा नसतो. राघूचं पान होतं, पानाचा आंबा होतो, आणि एकाच काठावर दोन ठिकाणी दोन वेगळ्या नक्ष्या येतात. साधं सुती धोतर किंवा खादीचा नेहरू शर्ट असेल तर ही पट्टी अगदी कमी ठेवून चालते, कारण तिथे चुकायला नक्षीच नाही. पैठणीला हा मार्ग टाळलेला बरा.

आपल्या फोटोसाठी मग काय निवडायचं? एकच पद्धत सगळ्या चित्राला लावायची नाही. खाली बायक्यूबिकने चौपट केलेला थर ठेवायचा, वर रिअल-ईएसआरजीएएनने चौपट केलेला. वरच्या थराला मास्क लावून तो कडांवर पूर्ण दिसू द्यायचा, चेहऱ्यावर निम्म्याहून कमी, आणि कापडाच्या अंगावरून जवळजवळ पुसून टाकायचा. चौपट एकदाच करावं. दुप्पट करून पुन्हा दुप्पट केलं तर पहिल्या खेपेच्या आळ्या दुसऱ्या खेपेला ‘तपशील’ समजून जपल्या जातात. नेमका आकार चौपटीपेक्षा कमी हवा असेल तर चौपट करून मग लहान करावं. लहान करताना पुष्कळशी खोटी वळवळ आपोआप विरते.

कपाटातली साडी

आता काठाला कडा आहेत, चुण्या आहेत, पण अंगात पोत नाही. तो खऱ्या साडीतून आणायचा. येवल्याची असो वा पैठणची, घरची पैठणी समोर असताना तिची नक्षी यंत्राने कल्पनेतून काढण्यात काही अर्थ नाही.

सर्वांत चांगलं म्हणजे आजीच्या अंगलटीच्या नातेवाईक बाईंनी ती साडी तशीच नेसावी, तशाच बसाव्यात, आणि फोटोत प्रकाश ज्या बाजूने आहे त्याच बाजूला खिडकी येईल असा फोटो घ्यावा. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत, म्हणजे ३००० बाय ४००० मध्ये, मांडीपर्यंतची व्यक्ती मावली तरी सेंटिमीटरला ३० च्या वर पिक्सेल मिळतात. हे जमलं तर कपडे बदलायला एआय लागतच नाही, फक्त बेतशीर कापणं आणि बसवणं लागतं.

ते जमत नसेल तर साडी सपाट पसरून तुकड्यातुकड्याने टिपावी. मोबाइल कापडाला समांतर धरावा. प्रकाश खिडकीतून तिरका यावा, म्हणजे विणीची खरखर उठून दिसते. फ्लॅश वापरू नये, कारण समोरून पडलेल्या झोतात जर पांढरी पडते आणि पोत झोपतो. एका फोटोत ३० बाय ४० सेंटिमीटर कापड घेतलं की सेंटिमीटरला १०० पिक्सेल येतात. ते निम्मं करून ५० वर आणायचं, म्हणजे कागदावर लिहून ठेवलेल्या आकड्याशी जुळतं. ही जुळणी चुकली तर काय होतं ते गावोगावच्या फ्रेममध्ये दिसतं. साडीचा पोत दुप्पट मापाचा बसतो आणि पैठणी गोणपाटाची वाटते.

पुढचं काम दोन थरांचं आहे. बदललेल्या कपड्याच्या चित्रातून फक्त प्रकाश, सावली आणि चुण्या घ्यायच्या. त्यासाठी तो थर आठ-दहा पिक्सेलच्या त्रिज्येने ब्लर करायचा. खऱ्या साडीच्या फोटोतून उलट बारीक तपशील तेवढा घ्यायचा. `High Pass` फिल्टरने तो सुटा होतो आणि `Overlay` करून वर बसतो. पण सपाट पोत चुणीवर सपाटच ठेवला तर कापडावर जाळी चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून चुण्यांच्या थराची काळीपांढरी प्रत वेगळ्या फायलीत ठेवून `Displace` फिल्टरने पोत तिच्याप्रमाणे वळवायचा. काठ मात्र फिल्टरवर सोडू नये. `Warp` करून तो हातानेच घडीबरोबर वाकवावा. काठाची रेघ चुणी ओलांडताना सरळ गेली की पाहणाऱ्याला काय खटकलं ते सांगता येत नाही, पण साडी नेसलेली वाटत नाही.

जरीची गोष्ट निराळी आहे. जर सोनेरी दिसते ती तिच्या पिवळ्या रंगामुळे नव्हे, तर एकाला लागून एक असलेल्या लखलखीत आणि काळपट ठिपक्यांमुळे. मोठं करणारी कोणतीही पद्धत या दोघांची सरासरी काढते आणि उरतो हळदीचा पट्टा. त्यामुळे जरीवर पोताचा थर इतर कापडापेक्षा जोरदार ठेवावा, आणि जिथे घडीचा उंचवटा प्रकाशाकडे आहे तिथेच चमकते ठिपके राहू द्यावेत. सावलीतली जर तपकिरीच असते.

धार शेवटी, आणि चेहऱ्याच्या बेताने

एवढं झाल्यावर नवीच अडचण उभी राहते: साडी फार सुंदर होते. मूळ फोटोत आजीचा चेहरा २५० पिक्सेल उंच होता, तो १००० झाला आहे आणि मऊ आहे. खाली टिपलेली साडी काचेसारखी स्वच्छ आहे. मानेपाशी एकदम धार बदलली की डोकं चिकटवलेलं दिसतं. या फोटोत किती स्पष्टपणा चालेल ते चेहरा ठरवतो. साडी चेहऱ्यापेक्षा किंचित जास्त स्पष्ट चालते, कारण कापडाला रेघा जास्त असतात. त्यापलीकडे गेली तर पोताच्या थराची तीव्रता कमी करावी किंवा साडीला अर्ध्या-एक पिक्सेलचा ब्लर द्यावा. मूळ फोटोत मागे गेलेला खांदा धूसर असेल तर त्यावरचा पदरही धूसरच ठेवावा.

मग सगळे थर एकत्र करून त्यावर एकरंगी कणांचा हलका थर टाकावा. दोन-तीन टक्के पुरतात. हे कण अंतिम आकारात, म्हणजे ४८०० बाय ६००० वरच टाकायचे. चेहरा, साडी आणि मागची भिंत तीन वेगळ्या ठिकाणांहून आली आहेत, त्यांना हा एक समान दाणा जोडून घेतो. आणि धाग्याच्या जागी जी बारीक खरखर हवी होती, तीही इथूनच मिळते.

धार देण्याचं काम सर्वांत शेवटी. `Unsharp Mask` मध्ये तीव्रता १०० टक्क्यांच्या आसपास, त्रिज्या १ ते दीड पिक्सेल, थ्रेशोल्ड ३ किंवा ४ एवढं ठेवून सुरुवात करावी. त्रिज्या यापेक्षा वाढवली की काठाभोवती पांढरी किनार येते आणि ती प्रिंटवर दिसते. चकचकीत कागदाला कमी धार पुरते, मॅट कागदाला थोडी जास्त लागते. पोत उमटवलेलं लॅमिनेशन मात्र नको म्हणावं. त्याची स्वतःची जाळी साडीच्या पोतावर बसते आणि केलेलं सगळं झाकून टाकते.

फाइल कलर लॅबला पाठवताना दोन गोष्टी बिघडतात. एक, ती पुन्हा व्हॉट्सअॅपच्या फोटोतून गेली तर सगळं पहिल्यापासून. पेन ड्राइव्हने किंवा डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावी, आणि जेपीईजी सर्वांत वरच्या दर्जाची ठेवावी. खालच्या दर्जात जेपीईजी उजेडापेक्षा रंगाचा तपशील जास्त छाटते, आणि मग हिरव्या राघूची लाल चोच आजूबाजूला पसरते. दोन, लॅबचं मशीन स्वतःहून आकार बदलून वर धार देऊ शकतं. म्हणून नेमके ४८०० बाय ६००० पिक्सेल द्यावेत आणि आपोआप सुधारणा बंद ठेवायला सांगावं.

मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच फायलीतून १२०० बाय १८०० चा तुकडा कापून ४ बाय ६ ची प्रिंट काढावी. त्यात हनुवटी, खांद्यावरची घडी आणि काठ तिन्ही यायला हवेत. ती आधी मीटरभरावर धरून पाहावी. राघू मोजता आले पाहिजेत आणि मानेपाशी नजर अडखळता कामा नये. मग हातभर अंतरावर धरावी. आळ्या, तरंगाचे पट्टे, पांढरी किनार आणि एकसारखा पुन्हा पुन्हा आलेला पोत या चार खुणा शोधाव्यात. पडद्यावर १०० टक्क्यांवर पाहून हा निर्णय होत नाही, कारण तिथे एक पिक्सेल प्रिंटपेक्षा कितीतरी मोठा दिसतो आणि योग्य धारही जास्तच वाटते.

कधी कधी कपाटात साडी नसते, चेहराही २५० नव्हे तर १२० पिक्सेलचाच असतो. तेव्हा १६ बाय २० चा हट्ट सोडायला ग्राहकाला सांगावं. फोटो ८ बाय १० छापावा, म्हणजे २४०० बाय ३००० पिक्सेलच लागतात. या आकारात कापडाच्या सेंटिमीटरला २५ पिक्सेल येतात आणि साधनाने काढलेला काठही निभावून जातो. भोवती सर्व बाजूंना रुंद पांढरा माउंट देऊन तो १६ बाय २० च्याच फ्रेममध्ये बसवता येतो. भिंतीवर फ्रेम हवी तेवढीच दिसते आणि चेहरा ताणावा लागत नाही.